तीन पोरं, हजार-हजार रुपये आणि मास्तरांचा टॉवेल



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा घरगुती आहे, पण शेवटपर्यंत वाचा. यात एक जुनी गोष्ट आहे आणि ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. आमच्या हिलाही नाही.

झालं असं की जून महिन्यात आमच्या बालाघाटच्या घराच्या वरच्या मजल्यावर तीन पोरं भाड्याने राहायला आली. एक गोंदियाचा, एक वाराशिवनीचा, एक सिवनीचा. तिघांची पहिली नोकरी आणि घराबाहेर राहायची पहिलीच वेळ. दोन खोल्या, एक बाथरूम, एक संडास आणि मागे गॅलरी. सामान म्हणजे तीन गाद्या, तीन बॅगा आणि एक इंडक्शन शेगडी. पहिल्याच संध्याकाळी गोंदियाचा खाली आला आणि म्हणाला, "काका, झाडू आहे का एक?" दुसऱ्या दिवशी बादली मागितली. तिसऱ्या दिवशी ही म्हणाली, "अहो, यांना सामान घ्यायला लावा आता, नाहीतर माझं अर्धं घर वर जाईल."

मी वर गेलो. मोबाइलमध्ये त्यांची यादी तयार होती. रूम फ्रेशनर, काच पुसायचा स्प्रे, किचनचा वेगळा स्प्रे, बाथरूमच्या फरशीचा वेगळा, बटण दाबून पिळायचं पोछाचं मशीन, फेसवॉश, बॉडीवॉश, हँडवॉश. झाडू मात्र त्यात नव्हता. मी विचारलं, बजेट किती? म्हणे प्रत्येकी हजार, त्यावर एक पैसा नाही, पहिला पगार व्हायचाय. म्हटलं, मग तो मोबाइल ठेवा बाजूला आणि एक कागद आणा.

बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे कागदावर मी आधी मधोमध उभी रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं 'सामाईक', उजव्या बाजूला 'ज्याचं त्याचं'. लोक अशा याद्या करताना साफसफाईचं सामान आणि अंगाचं सामान असे दोन भाग करतात. माझ्या मते ते चूक आहे. एकत्र राहणाऱ्यांनी हे आधी ठरवायचं, की कोणती वस्तू तिघांची एक चालेल आणि कोणती मेलं तरी एक चालणार नाही. सामाईक खात्यावर तिघांची सही चालते. दुसऱ्या खात्यात फक्त खातेदाराने हात घालायचा.

सामाईक बाजूला पहिल्यांदा त्या वस्तू आल्या ज्या एकदा घेतल्या की वर्षभर बघायला नको. वीस लिटरची एक चांगली बादली अंघोळीची आणि कपड्यांची, एक लहान स्वस्तातली पोछ्याची. दोन्हींचे रंग वेगळे घ्यायला लावले, कारण रंग एकच असला की आठ दिवसांत कोणती कुठली ते कोणाला आठवत नाही आणि पोछ्याच्या बादलीतून अंघोळी सुरू होतात. तसेच दोन मग, एक बाथरूमचा आणि एक संडासातला. घरात वापरायला फूलझाडू आणि गॅलरीला, बाथरूमला खराटा. फूलझाडू ओला झाला की त्याची फुलं चिकटतात आणि तो महिन्यात टकला होतो, म्हणून दोन्ही पाहिजेत. नवा फूलझाडू आधी बाहेर नेऊन झटकून घ्यायचा, नाहीतर पहिले आठ दिवस तो कचरा काढण्यापेक्षा भुसाच जास्त पाडतो. रबरी पट्टीचं वायपर, संडासाचा ब्रश, झाकणाची कचरापेटी, कपड्यांचा ब्रश, वाळत घालायला नायलॉनची दोरी आणि चिमटे. पोछ्याचं कापड विकत घेऊ दिलं नाही, माझं एक जुनं धोतर फाडून दिलं. सुती कापड पाणी शोषतं, पिळलं जातं आणि वाळतंही. मशीनची गरज नाही.

मग संपणाऱ्या वस्तू. कपड्याची पावडर एक किलो, तीन वड्या, भांड्याची वडी आणि घासणी, हात धुवायला बेसिनपाशी एक साधा साबण, एक लिटर फिनाइल आणि अर्धा लिटर संडास साफ करायचं लिक्विड. बस्स. सिवनीचा म्हणाला, "अंकल, इतनेमें हो जाएगा?" म्हटलं, होतं. फक्त क्रम पाहिजे. आधी कोरडं झाडायचं, मग ओलं पुसायचं. कचरा न काढता पोछा मारला की नुसता चिखल फिरतो आणि मग लोक म्हणतात फिनाइल चांगलं नाही. अर्ध्या बादलीला दोन झाकणं फिनाइल पुरतं. पाण्यात टाकल्यावर ते दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. नुसताच वास आला आणि पाणी जेमतेम गढूळ झालं तर दुकानदाराने पाणी विकलं असं समजा. आठवड्यातून तीनदा पुसलं तर एक लिटर सहज दोन-तीन महिने जातं.

पावडरचं एक सांगतो. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. पोरांना खरं वाटेना, म्हणून रिकाम्या बाटलीत अर्धं पाणी घेतलं, अंगाच्या साबणाचे चार किसलेले तुकडे टाकले आणि हलवून दाखवलं. फेस आला नाही, वर दह्यासारख्या कण्या तरंगल्या. मग नळाच्या पाण्याने तेच केलं, तर त्यात बरा फेस राहिला. जड पाण्यात साबणाची अशीच साय बनते आणि ती कपड्यात बसते. बनियन राखाडी पडते, पंचा कडक होतो. डिटर्जंटची पावडर अशा पाण्यातही काम करते. म्हणून नळ येतो तेव्हा कपडे धुवायचे, आणि बोअरच्या पाण्याने धुवायची वेळ आली तर साबणाची वडी घासत बसू नका, पावडर वापरा.

ब्लीचिंग पावडर मी यादीत मुद्दामच घेतली नव्हती. पण वाराशिवनीच्याने दुकानात स्वतःच्या बुद्धीने एक पुडी उचलली, स्वस्त दिसली म्हणून. रविवारी मी गच्चीवर चाललो होतो, तर हा संडासात लिक्विड ओतून मोकळा झालेला आणि हातात पुडी. म्हणे दोन्ही टाकलं की डबल साफ. मी तिथेच ओरडलो. संडासाच्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर ब्लीचिंग पडलं की क्लोरीन वायू सुटतो. तीन बाय चारच्या खोलीत, दार लावलेलं, खिडकी म्हणजे एक जाळी. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, खोकल्याची उबळ थांबत नाही, आणि जास्त झालं तर माणूस दवाखान्यात जातो. असं कधी चुकून झालंच तर त्यात आणखी काही ओतत बसायचं नाही. ताबडतोब बाहेर यायचं, दार उघडं टाकायचं आणि बराच वेळ आत जायचं नाही. पुडी मी खाली आणून ठेवली. तसंच त्या लिक्विडने फरशी घासायची नाही. सिमेंट आणि संगमरवर दोन्ही खातं ते, आणि नळाची चकाकीही जाते.

आता हिशेब. डाव्या बाजूची बेरीज आली 1,370 रुपये, म्हणजे प्रत्येकी 457. प्रत्येकाचे 543 उरले.

उजव्या बाजूला मी सगळ्यात वर लिहिलं, 'पंचे, प्रत्येकी 2, वेगळ्या रंगाचे'. 120 ला एक, म्हणजे 240. त्याखाली टूथब्रश, पेस्ट, अंगाचा साबण आणि साबणदाणी, कंगवा, नेलकटर, तेलाची लहान बाटली, तीन रेझर. पेस्ट तिघांत एक चालली असती, पण मोठ्या ट्यूबचं तोंड प्रत्येकजण आपल्या ब्रशला टेकवतो, त्यापेक्षा लहान लहान तीन बऱ्या. रेझर मात्र कोणत्याही परिस्थितीत दुसऱ्याचा नाही. दाढी करताना बारीक कापतं, ते डोळ्याला दिसतही नाही, आणि कावीळ-बी सारखे रक्तातून पसरणारे आजार तेवढ्यातूनही जाऊ शकतात. उजवी बेरीज झाली 555, एकूण 1,012. बारा रुपये जास्त. पोरं म्हणाली, काका, बाराच तर आहेत. म्हटलं, बजेट हजार ना? मग साबणदाणीचे वीस कापले आणि दह्याच्या डब्याच्या झाकणाला तापलेल्या खिळ्याने भोकं पाडून दिली. पाणी निथळलं की झालं. पाण्यात भिजत पडलेला साबण निम्म्या दिवसांत संपतो. असे आले 992.

तेव्हा गोंदियाचा हसून म्हणाला, "काका, पण टॉवेलमध्ये 240 कशाला? एक मोठा टर्किश घेऊ ना तिघांत, सकाळी अंघोळी तर मागेपुढेच होतात."

मी पेन खाली ठेवलं. आणि त्यांना ती गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हाला सांगतो.

1974 साली मी बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि बालाघाटला पोस्टिंग मिळालं. तेव्हा गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने यावं लागायचं. आम्ही चौघांनी मिळून कवेलूच्या घरातल्या दोन खोल्या घेतल्या. मी, एक शाळेत मास्तर, एक ओव्हरसियर आणि एक भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत ऑफिसला. चौघेही मराठी, चौघेही अविवाहित. आमचं सगळंच सामाईक. अंगणात विहीर, एक जस्ती बादली, एक लाल कार्बोलिक साबणाची वडी, भांड्यांना राख, आणि खुंटीवर मास्तरांनी नागपूरहून आणलेला एक जाड टर्किश टॉवेल, निळ्या पट्ट्यांचा. आम्हा बाकीच्यांकडे विरलेले पंचे होते, त्यामुळे चौघेही त्याच टॉवेलला अंग पुसायचो. मास्तर कधी काही बोलले नाहीत. उलट नवा पाहुणा आला की आधी टॉवेल पुढे करायचे.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळा. बालाघाटचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. चार-चार दिवस ऊन नाही. दोरी खोलीतच बांधलेली, तिच्यावर चौघांचे कपडे एकावर एक, आणि तो जाड टॉवेल तर श्रावणात एकदाही नीट वाळला नाही. त्याला कुबट वास यायचा. तरी वापरायचो.

माझ्या कमरेला, नाडी बांधतो तिथे, एक लाल गोल उठला. कडा उंच, मधे जरा साफ, आणि रात्री मरणाची खाज. गजकर्ण होतं, इकडे हिंदीत दाद म्हणतात. मला ते कळलं होतं. पण लाज वाटली. बँकेतला माणूस, नवीन नोकरी, घरी स्थळं बघणं चाललेलं. मी बाजारातून एक झोंबणारं औषध आणलं, ट्रंकेत तळाशी लपवलं आणि रात्री दिवा मालवला की लावायचो. टॉवेल तोच वापरत राहिलो. कमरेला दुसरं कापड वापरायला लागलो असतो तर त्यांनी विचारलं असतं ना का म्हणून.

तीन आठवड्यांनी मास्तरांच्या मानेवर उठलं. मग ओव्हरसियरच्या काखेत, मग खाणवाल्याच्या मांडीला. आमचं तिघांचं कपड्याच्या आत होतं. मास्तरांचं कॉलरच्या वर, सगळ्या गावाला दिसेल असं. त्यामुळे सगळ्यांनी ठरवून टाकलं की हे मास्तरांनीच आणलं, शाळेतल्या पोरांकडून. ओव्हरसियरने त्यांचं ताट वेगळं केलं. खाणवाला म्हणाला, तुमची गादी त्या खोलीत घ्या. मी गप्प होतो. ट्रंकेतली बाटली तोवर अर्धी झाली होती.

शेवटी एका डॉक्टरांकडे चौघे गेलो. त्यांनी चौघांनाही पाहिलं आणि सरळ विचारलं, "सगळ्यात आधी कोणाला झालं?" तिघांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "माझंच असेल डॉक्टरसाहेब." मी तेव्हाही बोललो नाही.

डॉक्टरांनी व्हिटफिल्डचं मलम दिलं, बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक आम्लाचं. ते म्हणाले ते मला अजून पाठ आहे. गोलावर तर लावाच, पण त्याच्या बाहेर दोन बोटं जागेवरही लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. दिवसातून दोनदा. आणि डाग गेला की थांबू नका, त्यानंतरही दोन आठवडे लावा. चौघांनी एकदमच सुरू करा, नाहीतर एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याकडून परत येईल. कपडे उकळत्या पाण्यातून काढा, वाळले तरी इस्त्री मारा, ओलं काहीही अंगावर घालू नका. आणि टॉवेल ज्याचा त्याचा. ताटं वेगळी करण्यावर ते हसले. गजकर्ण ताटातून होत नाही म्हणाले.

आम्ही सगळं केलं. दीड महिन्यात चौघेही बरे झालो. पण दसऱ्याच्या आधीच मास्तरांनी शाळेजवळ एक खोली पाहिली होती. जाताना भांड्यांचा, किराणाचा हिशेब पै न पै चुकता केला. निळ्या पट्ट्यांचा टॉवेल खुंटीवरच ठेवून गेले. पुढे त्यांची बदली झाली, मग माझी. एकदा नागपूरला एका लग्नात दिसले होते. मी पंगतीत बसलो होतो, ते वाढत होते. "काय बँकवाले" म्हणाले आणि पानात दोन जिलब्या जास्त टाकल्या. सांगायचं तेव्हाही जमलं असतं. नाही सांगितलं. 2011 मध्ये ते गेल्याचं कळलं.

गोष्ट संपली तेव्हा पोरं गप्प होती. मग सिवनीच्याने टी-शर्टची बाही वर केली. दंडावर रुपयाच्या नाण्याएवढा गोल. हॉस्टेलला असल्यापासून आहे म्हणे. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती, लावली की चार दिवसांत जातो आणि थांबलं की आधीपेक्षा मोठा होऊन येतो. मी ट्यूब मागितली, चष्मा लावून बारीक अक्षर वाचलं. बुरशीच्या औषधाबरोबर त्यात क्लोबेटासोल होतं. ते स्टेरॉइड आहे. खाज आणि लाली त्याने चटकन दबते, पण त्वचेचा प्रतिकारही दबतो आणि बुरशी आत पसरत राहते. अशी ट्यूब वारंवार लावली की गोलाचा आकारही बदलतो आणि मग डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. बीटामेथासोन लिहिलेलं असेल तरी तेच. लहानमोठ्या दुकानांतून अशा ट्यूबा चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिलं. तुमच्याही घरात एखादी असेल, बघा.

दुसऱ्या दिवशी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ती ट्यूब बंद झाली, साधं बुरशीचं मलम आणि गोळ्या सुरू झाल्या. बाकी दोघांनाही दाखवून या म्हटलं होतं, त्यांना काही नव्हतं. गॅलरीत आता दोरी एक नाही, तीन आहेत, एकमेकींपासून हातभर लांब. पाऊस असला की पंचे खोलीत पंख्याखाली पसरून टाकतात, घडी करून नाही. एक अंगावर, एक वाळत, म्हणून दोन. जाड टर्किशपेक्षा पातळ सुती पंचा पावसाळ्यात निम्म्या वेळात वाळतो, म्हणून पंचा.

पहिल्या महिन्याचा खर्च मी लिहून ठेवायला लावला होता. दुसऱ्या महिन्यात सामाईक बाजूला फक्त पावडर, वड्या आणि संडासाचं लिक्विड घ्यावं लागलं, प्रत्येकी सत्तर-ऐंशी रुपये आले. रूम फ्रेशनर अजून घेतलेलं नाही. त्याची गरजही पडली नाही, कारण कचरापेटी रोज रिकामी होते आणि कपडे वाळतात.

कागद त्यांनी दारामागे चिकटवलाय. परवा भाडं घ्यायला वर गेलो, तेव्हा उजव्या बाजूच्या पहिल्या ओळीपुढे कोणीतरी पेनाने कंसात लिहिलेलं दिसलं, 'मास्तर'.